गुण जुळवायला जन्माचा मिनिट लागत नाही

आदरणीय ताई,
मी २८ वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. एका सहकाऱ्याशी लग्न करायचे आम्ही दोघांनी ठरवले आहे, पण घरी अजून सांगितलेले नाही. आई पत्रिकेवरून हरकत घेईल का, हे आधीच पाहावे म्हणून मी एका मोफत ॲपमध्ये दोघांची पूर्ण नावे, जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मगाव भरले. निकाल दाखवण्यापूर्वी ॲपने माझा मोबाईल क्रमांक आणि ओटीपी घेतला. तिसऱ्या दिवशी एका ‘गुरुजीं’चा फोन आला. त्याचे नाव घेऊन ते म्हणाले, तुमची एकनाड आहे, संततीला धोका आहे, ५,१०० रुपयांत शांती करून देतो. माझे नक्षत्र रोहिणी, त्याचे हस्त. दोषाची मला भीती नाही, पण आमची माहिती कुणाकुणाकडे गेली असेल या विचाराने झोप उडाली आहे. ॲप मी फोनमधून काढून टाकले आहे. आता काय करावे?
— एक वाचक, पुणे

स. न. वि. वि.

आधी त्या फोनचा निकाल लावू. रोहिणीची नाडी अंत्य आणि हस्ताची आद्य. दोन्ही नाड्या वेगळ्या असल्यामुळे तुमची एकनाड होत नाही, आणि नाडीचे ८ पैकी ८ गुण तुम्हाला मिळतात. कोणतेही छापील पंचांग उघडले तरी हे दोन मिनिटांत दिसते. याचा अर्थ, फोन करणाऱ्या गृहस्थांनी तुमची पत्रिका एक तर पाहिली नव्हती, किंवा पाहूनही ते खोटे बोलले. त्यांच्यापुढे तुमच्या ग्रहांपेक्षा महत्त्वाची अशी दोन नावे, एक मोबाईल क्रमांक आणि ‘लग्नाच्या विचारात असलेली जोडी’ एवढी नोंद होती. (प्रामाणिकपणे हेही सांगते, की वृषभ आणि कन्या या राशींचा नवपंचम योग होतो आणि काही ज्योतिषी त्यावर बोट ठेवतात. तो वाद तुमच्या आईने आणि त्यांच्या नेहमीच्या गुरुजींनी घालावा.)

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. तुम्ही मला जन्मतारीख कळवली नाहीत, वेळ नाही, गाव नाही, त्याचे नावही नाही. केवळ दोन नक्षत्रे कळवलीत, आणि तेवढ्यावर मला तुमची नाडी तपासता आली. हीच गोष्ट पूर्ण गुणमेलनाला लागू पडते. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी ही जी आठ कूटे मिळून ३६ गुण होतात, ती सगळी जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आणि कोणत्या राशीत होता, एवढ्यावरच ठरतात. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस आणि एका राशीत सव्वादोन दिवस असतो. नक्षत्राचा चौथा भाग म्हणजे चरण, आणि तो सुमारे सहा तासांचा असतो. चरणाची गरजही फक्त कृत्तिका किंवा मृगासारखे नक्षत्र दोन राशींत विभागलेले असेल तेव्हाच पडते. रोहिणी सबंध वृषभेत आणि हस्त सबंध कन्येत असल्याने तुमच्या बाबतीत तीही नाही. थोडक्यात, सकाळी ७ वाजून ४१ मिनिटांनी जन्म झाला की ७ वाजून ५५ मिनिटांनी, याने गुणांमध्ये फरक पडत नाही. अपवाद एवढाच, की त्याच सुमारास चंद्र नक्षत्र बदलत असेल तर वेळ नीट पाहावी लागते.

मंगळ पाहायचा असेल तर लग्नरास लागते. ती सुमारे दोन तासांनी बदलते, म्हणून तेथे वेळ थोडी अधिक काटेकोर हवी. तरीही ‘लग्न अमुक, मंगळ अमुक स्थानी’ असे दोन शब्द पुरतात. मिनिटाचा खरा आग्रह नवमांशासारख्या बारीक गणितात येतो, आणि दोन नावे टाकून आकडा दाखवणाऱ्या मोफत ॲपकडून कुणी तो अपेक्षित धरलेला नसतो. नावांची गरज तर अजिबात नाही. जन्मवेळ ठाऊकच नसेल तेव्हा नावाच्या आद्याक्षरावरून नक्षत्र धरण्याची जुनी रीत आहे. जन्मवेळ भरून झाल्यावर नाव मागण्याला गणिताचा कोणताही आधार उरत नाही.

मग ॲप हे सगळे का मागते? जन्मवेळेचा रकाना पूर्ण पत्रिका मांडण्यासाठी म्हणून आलेला असतो आणि तो समजण्यासारखा आहे. नाव आणि मोबाईल क्रमांक मात्र धंद्यासाठी असतात. अशा ॲपचे गुणमेलन मोफत असते, कारण उत्पन्न पुढे मिनिटांच्या हिशेबाने चालणाऱ्या सल्ल्यावर, पूजेवर, रत्नांवर आणि जाहिरातींवर असते. नुकतेच गुण जुळवून पाहिलेला माणूस हा त्या बाजारातला सर्वांत चांगला ग्राहक, कारण तो निर्णयाच्या उंबरठ्यावर उभा असतो आणि थोडा घाबरलेला असतो. निकाल अर्धा दाखवून ओटीपी मागणे हे याच कारणाने घडते. तुम्हाला आलेला फोन ॲपच्याच विक्री विभागाचा होता की यादी विकत घेतलेल्या कुणाचा, हे फोनवरून ओळखता येणार नाही. तुमची नोंद फोन करणाऱ्याच्या हाती लागली होती, एवढे मात्र नक्की.

जोखीम नेमकी कशात आहे, ते वेगवेगळे करून पाहू, कारण सगळी माहिती सारखी नसते.

रोहिणी नक्षत्र सांगितल्याने तुमची ओळख उघड होत नाही. २७ नक्षत्रे आहेत, त्यामुळे १४० कोटींच्या देशात तुमच्या नक्षत्राची सुमारे पाच कोटी माणसे निघतील. जन्मतारीख मात्र वेगळी. अमेरिकेतील संशोधक लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवले होते, की पाच अंकी पिनकोड, लिंग आणि संपूर्ण जन्मतारीख एवढ्यावरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. आपल्याकडे दिवसाला साठ हजारांहून अधिक जन्म होतात. दिवसाच्या १,४४० मिनिटांत ते वाटले, तर सबंध देशात मिनिटाला चाळीसच्या आसपास येतात. त्यात गाव आणि मुलगा की मुलगी हे जोडले, की बहुधा एकच व्यक्ती उरते. जन्मवेळ कोणतीही बँक विचारत नाही, त्यामुळे ती चोरीला गेल्याने थेट पैसे जात नाहीत. तिचा उपयोग दुसराच आहे. दोन ठिकाणांहून फुटलेल्या याद्या एकमेकींशी जुळवायच्या असतील, तर मिनिटासह जन्मवेळ हा न चुकणारा दुवा ठरतो. नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिले जाते, क्रमांक बदलतो, पण हा दुवा जन्मभर बदलत नाही.

तारखेचे मात्र थेट उपयोग आहेत. ई-पॅनच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे जन्मतारखेचे आठ अंक. १४ मार्च १९९७ असेल तर `14031997`. ई-आधारच्या पीडीएफसाठी नावाची पहिली चार अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत आणि त्यापुढे जन्मवर्ष. अनेक बँकांच्या खातेउताऱ्यांचे पासवर्ड याच धर्तीचे असतात, आणि ग्राहकसेवेला फोन केला की ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख विचारली जाते. म्हणजे ज्यांच्याकडे तुमचे नाव आणि जन्मतारीख आहे, त्यांना केवळ ती पीडीएफ मिळायचा अवकाश आहे. आपण त्या फायली घर भाड्याने घेताना, कर्जाची चौकशी करताना, सिमकार्ड घेताना व्हॉट्सॲपवर किती सहज पाठवतो, हे आठवून पाहा.

हे सारे झाले तरी तुमच्या प्रकरणात जन्मतारखेपेक्षा नाजूक गोष्ट निराळीच आहे, असे मला वाटते. ती म्हणजे दोन नावे एका ओळीत आली, ही. तुम्ही दोघे लग्नाचा विचार करत आहात, हे घरात कुणाला ठाऊक नाही. एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर मात्र ते तारखेसह नोंदले गेले आहे. आडनाव आणि गाव यांवरून आपल्याकडे जातीचा अंदाज बांधला जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशी नोंद फुटायला चोरच लागतो असेही नाही. ‘तुमच्या आणि अमुकच्या नात्याचे आजचे भविष्य’ अशी सूचना बंद फोनच्या पडद्यावर झळकते, आणि फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलेला असतो. ॲपमध्ये घरातल्या सामाईक ईमेलने प्रवेश केला असेल, तर निकाल त्या पत्त्यावर जातो. तुम्ही कोणत्या ईमेलने प्रवेश केला होता, हे आजच आठवून तपासा.

अशी माहिती उघड्यावर पडल्याचे उदाहरणही आहे. २०२३ मध्ये सायबरन्यूजच्या संशोधकांना वीमिस्टिक या ज्योतिष व टॅरो विषयक संकेतस्थळाचा एक माहितीसाठा इंटरनेटवर पासवर्डाविना उघडा आढळला. त्यात १ कोटी ३० लाखांहून अधिक नोंदी होत्या, आणि नाव, ईमेल, जन्मतारीख, लिंग यांसारखी माहिती होती. तेथे कुणी कुलूप फोडले नव्हते, कारण कुलूप लावलेलेच नव्हते.

संकेतस्थळांच्या बाबतीत आणखी एक साधी तपासणी आहे. माहिती भरून निकाल आला, की वरच्या पत्त्याच्या पट्टीत पाहायचे. तेथे असे काही दिसले, तर भरलेली माहिती पत्त्याचाच भाग झालेली असते:

```
https://example.com/milan?vadhu=NAAV1&dob=14031997&var=NAAV2
```

असा पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, संकेतस्थळाच्या नोंदवहीत राहतो, आणि त्या पानावर जाहिरातींचे व मोजमापाचे जे परके कोड बसवलेले असतात त्यांनाही तो वाचता येतो. मैत्रिणीला निकाल दाखवायला तो दुवा पाठवला, तर त्यासोबत दोघांची माहितीही जाते. पत्त्यात काही दिसले नाही म्हणून माहिती सुरक्षित आहे असे मात्र होत नाही. ती दुसऱ्या मार्गाने गेलेली असते, एवढेच.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. ॲप फोनमधून काढून टाकल्याने सर्व्हरवरची माहिती जात नाही, त्यामुळे एकदा परत जावे लागेल. ॲप पुन्हा उतरवा, संपर्क यादी, स्थान आणि सूचना या तिन्ही परवानग्या नाकारा, आणि त्याच क्रमांकाने प्रवेश करा. ‘माझ्या कुंडल्या’ किंवा ‘जतन केलेल्या पत्रिका’ अशा नावाखाली तुमच्या दोघांच्या स्वतंत्र नोंदी असतील. त्या लगेच पुसू नका. आधी दोन्हींतील नाव, तारीख, वेळ आणि गाव बदलून काहीही खोटे भरा व जतन करा, मग एकेक नोंद पुसा, आणि शेवटी खाते बंद करण्याचा पर्याय वापरा. पुष्कळ ठिकाणी ‘पुसणे’ म्हणजे नोंद फक्त नजरेआड करणे असते. अशा वेळी नजरेआड राहणारी नोंद निदान खोटी असावी. जुन्या प्रतींमध्ये खरी माहिती उरू शकते, त्यावर तुमचा इलाज चालणार नाही. खाते उघडू देणाऱ्या ॲपने ते ॲपमधूनच बंद करण्याची सोय दिली पाहिजे, असा गूगल आणि ॲपल या दोघांच्याही दुकानांचा नियम आहे. प्ले स्टोअरवरील ॲपसाठी वेबवरून खाते बंद करण्याचा दुवाही द्यावा लागतो. ती सोय सापडली नाही तर त्या दुकानाकडेच तक्रार करता येते.

यानंतर ॲपच्या गोपनीयता धोरणात दिलेल्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल लिहा. ‘माझी आणि मी भरलेली दुसऱ्या व्यक्तीची माहिती पुसावी, ती कोणाकोणाला दिली ते कळवावे, आणि विक्रीचे फोन थांबवावेत’ एवढ्या तीन मागण्या पुरेत. पत्रात जन्मतपशील पुन्हा लिहू नका. फक्त नोंदवलेला क्रमांक द्या. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा तक्रारीचे निवारण एका महिन्यात व्हावे अशी तरतूद आहे, पण हे नियम दुबळे आहेत. त्यांतील ‘संवेदनशील’ माहितीच्या यादीत पासवर्ड, बँक तपशील, आरोग्य आणि बायोमेट्रिक आहेत, जन्मतारीख नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बराच पुढे जातो. सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती संमती धरली जाईल, असे तो म्हणतो, आणि त्यातच उदाहरण दिले आहे की आरोग्यसल्ला देणाऱ्या ॲपने संपर्क यादीची परवानगी घेतली, तरी ती त्या कामाला लागत नसल्याने संमती तिला लागू होत नाही. गुणमेलनासाठी घेतलेल्या नावाला हा न्याय लावता येईल, असे मला वाटते. अडचण वेळेची आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास, लागू व्हायची आहेत. तोवर तुमच्या ईमेलचे मोल कंपनीच्या भलेपणाएवढेच राहील. ईमेलची प्रत मात्र जपून ठेवा.

फोन करणाऱ्याचा क्रमांक बंद करण्यापूर्वी त्याचे चित्र काढून ठेवा आणि `sancharsaathi.gov.in` वरील ‘चक्षू’ या सोयीत नोंदवा. फसवणुकीचे संशयित फोन कळवण्यासाठीच ती आहे. पैसे गेलेले नसल्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करण्याची गरज आज नाही. उद्या भीतीपोटी घरातल्या कुणी पैसे पाठवलेच, तर मात्र पहिल्या काही तासांतच तो करावा. जन्मतारखेवर बेतलेले एटीएमचे किंवा यूपीआयचे पिन असतील तर आज बदला. ‘तुमचे जन्मगाव कोणते’ हा ज्या खात्याचा सुरक्षा प्रश्न आहे, तेथे उत्तर बदलून भलतेच गाव लिहा आणि ते कुठेतरी टिपून ठेवा.

राहिला तो मुलगा. तुम्ही स्वतःच्या माहितीचा धोका पत्करलात, ती तुमची होती. त्याची माहिती मात्र तुम्ही त्याला न विचारता दिली असावी, असे पत्रावरून वाटते. त्याला हे आज सांगा, आणि ‘गंमत म्हणून पाहिले होते’ असे हलके करून सांगू नका. त्यालाही पिन बदलायचे आहेत, त्यालाही असा फोन येऊ शकतो, आणि त्याच्या घरी पहिली बातमी एखाद्या विक्रेत्याकडून जाण्यापेक्षा त्याने स्वतः सांगणे बरे. घरी केव्हा सांगायचे, हा निर्णय तुम्ही पुढे ढकलत आला असाल, तर त्याची तारीखही याच बोलण्यात ठरवावी लागेल. बातमी आता फक्त तुमच्या हातात राहिलेली नाही.

पुढच्या वेळी आईला गुण दाखवायचे असतील, तर सोलापूरच्या दाते पंचांगासारखे एखादे छापील पंचांग आणा. अशा पंचांगांत वधू-वर गुणमेलनाचे कोष्टक असते. एका बाजूला तुमचे नक्षत्र, दुसऱ्या बाजूला त्याचे, आणि दोन्ही ओळी मिळतात तेथे गुण. नक्षत्र ठाऊक नसेल तर जन्मवर्षाचे जुने पंचांग पाहावे, किंवा ओळखीच्या गुरुजींकडून एकदा काढून घ्यावे. संगणकावरच मांडायचे असेल, तर विंडोजवर चालणारी ‘जगन्नाथ होरा’सारखी मोफत प्रणाली इंटरनेट बंद ठेवूनही गणित करते. एवढे करूनही एखादे ॲप वापरण्याचा मोह झालाच, तर नावांच्या जागी ‘वधू’ आणि ‘वर’ लिहा, जवळच्या मोठ्या शहराचे नाव द्या, आणि दर ॲपमध्ये वेळ दोन-तीन मिनिटांनी वेगळी भरा. गुण तेच येतील, आणि उद्या कुणी फोनवर ‘तुमचा जन्म ७ वाजून ४३ मिनिटांचा ना?’ असे विचारले, तर माहिती कोणत्या दारातून बाहेर पडली ते तुम्हाला तत्काळ कळेल. ओटीपी मागितला, की तेथेच थांबा.

हाच नियम आईच्या हातातल्या परिचयपत्राला लावा. आपल्या जुन्या परिचयपत्रांत रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी, देवक असे लिहायची पद्धत होती, आणि स्थळ पुढे सरकल्यावर पत्रिका हातोहात दिली जाई. व्हॉट्सॲपवरच्या नव्या परिचयपत्रांत जन्मतारीख, मिनिटासह वेळ, रुग्णालयाचे गाव, वडिलांचा क्रमांक आणि घरचा पत्ता असे सगळे एकाच चित्रात असते, आणि ते कोणत्या काकूंच्या गटात पोहोचले याचा हिशेब कुणाकडे नसतो. तुमचे असे परिचयपत्र आधीच फिरत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. आईला विचारा. ते फिरत असेल, तर तारखेच्या जागी फक्त वर्ष आणि वेळेच्या जागी ‘रोहिणी’ असे लिहिलेली नवी प्रत करून द्या.

त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आलाच, तर वाद घालू नका आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून कोणताही तपशील पक्का करून देऊ नका. रोहिणीची नाडी कोणती, एवढेच विचारा, आणि उत्तर काहीही आले तरी फोन ठेवा.